१४५, १४४ आणि ३७: महाराष्ट्रातलं पक्षांतर आणि बहुमताचं गणित – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हापासून वाचक आकड्यांबद्दलचे प्रश्न पाठवत आहेत. घटना जुनी झाली तरी प्रश्न थांबलेले नाहीत, कारण त्यानंतर राष्ट्रवादी काँग्रेसही फुटली आणि तेच आकडे पुन्हा बातम्यांत आले. सगळ्यात जास्त गोंधळ एका गोष्टीचा होतो. सरकार पडण्यासाठी लागणारी संख्या वेगळी आणि फुटलेल्या आमदाराची आमदारकी टिकण्यासाठी लागणारी संख्या वेगळी. या दोन्ही संख्या बातमीत एकाच वाक्यात येतात आणि वाचणाऱ्याला त्या एकच वाटू लागतात. म्हणून बहुतेक उत्तरं २०२२ च्याच उदाहरणावर दिली आहेत.

१. विधानसभेत बहुमताचा आकडा १४५ कसा येतो?

महाराष्ट्र विधानसभेत निवडून येणारे सदस्य २८८. बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त. निम्मे १४४ होतात आणि त्याहून एक जास्त म्हणजे १४५. एकूण संख्या सम असेल तर अर्ध्यात एक मिळवायचा. विषम असेल तर अर्धा काढल्यावर येणारा अपूर्णांक वरच्या पूर्णांकाला न्यायचा. २८७ चा अर्धा १४३.५, म्हणून बहुमत १४४.

पूर्वी अँग्लो-इंडियन समाजाचा एक सदस्य राज्यपाल नियुक्त करत आणि सभागृह २८९ चं होई. जानेवारी २०२० पासून ही तरतूद संपली. जुन्या लेखांत २८९ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

२. मग २०२२ मध्ये सगळे १४४ का म्हणत होते?

त्या वेळी एक जागा रिकामी होती. अंधेरी पूर्वचे शिवसेनेचे आमदार रमेश लटके यांचं मे २०२२ मध्ये निधन झालं होतं आणि पोटनिवडणूक व्हायची होती. सभागृहात २८७ जण उरले, म्हणून बहुमत १४४. शिवसेनेचे आमदारही ५६ वरून ५५ झाले. हा ५५ आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ६ मध्ये तो पुन्हा लागणार आहे.

बहुमताचा आकडा पाच वर्षांसाठी कोरून ठेवलेला नसतो. निधन, राजीनामा किंवा अपात्रता यांनी जागा रिकामी झाली की तो खाली येतो. पोटनिवडणूक झाली की वर जातो.

३. विश्वासदर्शक ठरावाला १४५ मतं पडलीच पाहिजेत का?

नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार सभागृहाचे निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतात. गैरहजर आणि तटस्थ सदस्य मोजणीत येत नाहीत. म्हणजे २८७ पैकी २० जण आलेच नाहीत तर ठराव मंजूर व्हायला १४४ मतांची गरज उरत नाही, विरोधातल्या मतांपेक्षा एक जास्त पुरतं.

४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला तेव्हा बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मतं पडली. बेरीज २६३ होते, २८७ नाही. उरलेल्यांत काही तटस्थ होते, विरोधी बाकांवरचे बरेच जण गैरहजर होते आणि अध्यक्ष मत देत नाहीत. १६४ हा आकडा पूर्ण सभागृहाच्या बहुमतापेक्षाही जास्त असल्याने त्या दिवशी या फरकाने काही बिघडलं नाही.

२०१४ मध्ये मात्र हाच फरक निर्णायक ठरला. तेव्हा भाजपच्या १२२ जागा आल्या होत्या, म्हणजे बहुमताला बऱ्याच कमी. राष्ट्रवादीने, म्हणजे ४१ जणांच्या पक्षाने, सरकारला विरोध करणार नाही असं जाहीर केलं होतं. ४१ जण मतदानातून बाजूला झाले की २८८ मधून २४७ उरतात आणि त्यांचं बहुमत १२४ होतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस सरकारचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, शिरगणती झालीच नाही. ज्या सरकारला १४५ चा पाठिंबा नाही तेही गैरहजेरीच्या आणि तटस्थतेच्या आधारावर चालू शकतं. फक्त ते दुसऱ्याच्या मर्जीवर असतं. आवाजी मतदानाने असा ठराव मंजूर होणं माझ्या मते चुकीचं आहे, कारण कोण कुठे उभा होता याची नोंदच राहत नाही.

४. २०१९ मध्ये महाविकास आघाडीचं गणित नेमकं काय होतं?

निकाल असा होता: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. उरलेल्या २९ जागा लहान पक्ष आणि अपक्षांकडे, त्यांत अपक्ष १३. भाजप आणि शिवसेना एकत्र लढले होते आणि त्यांची बेरीज १६१ होत होती. मुख्यमंत्रिपदावरून ते वेगळे झाले. मग शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस मिळून १५४ झाले. ३० नोव्हेंबर २०१९ च्या विश्वासदर्शक ठरावात उद्धव ठाकरे सरकारला १६९ मतं मिळाली, म्हणजे तीन पक्षांबाहेरचीही काही मतं बाजूने पडली. चार जण तटस्थ राहिले आणि भाजपने सभात्याग केला.

इथे बघण्यासारखी गोष्ट बेरजेची नसून वजाबाकीची आहे. तिघांपैकी कोणताही एक पक्ष बाहेर पडला असता तर सरकार राहिलं नसतं. ४४ जागांची काँग्रेस सर्वांत लहान, पण ती गेली असती तर ११० उरले असते. आघाडीत पक्षाचं वजन त्याच्या जागांवरून ठरत नाही, तो गेल्यावर काय उरतं यावरून ठरतं. आजच्या सरकारचा हाच हिशोब प्रश्न १३ मध्ये आहे.

५. ते सरकार पाडायला किती आमदार फुटायला हवे होते?

जून २०२२ चे आकडे घेऊ. शिवसेना ५५. राष्ट्रवादी ५३, कारण पंढरपूरची पोटनिवडणूक भाजपने जिंकली होती. काँग्रेस ४४. तिघांची बेरीज १५२. बहुमत १४४. म्हणजे लहान पक्ष आणि अपक्ष बाजूला ठेवले तर हाताशी फक्त आठ जास्त. नऊ जण गेले की बेरीज १४३ होते आणि बहुमत जातं.

लहान पक्षांचा आणि अपक्षांचा पाठिंबा धरला तर ही उशी मोठी होती. पण ज्या दहा दिवसांत शिवसेनेतून आमदार गेले त्याच दहा दिवसांत हे पाठिंबेही सरकले, कारण अपक्ष बहुतेक वेळा जिंकणाऱ्या बाजूचा अंदाज घेऊन वागतात.

मग नऊ-दहा आमदारांनी भागत असताना सूरत आणि गुवाहाटीला जाणाऱ्यांची संख्या रोज का मोजली जात होती? सरकार पाडायला नऊ पुरले असते, पण त्या नऊ जणांची आमदारकी गेली असती. संख्या वाढवण्यामागे सरकार पाडणं हे कारण नव्हतं, स्वतःची आमदारकी वाचवणं हे होतं.

६. ३७ हा आकडा कुठून आला?

शिवसेनेचे ५५ आमदार. ५५ च्या दोन तृतीयांश म्हणजे ३६.६७. अपूर्णांक वर न्यायचा, म्हणून ३७.

पक्षांतरबंदी कायदा म्हणजे संविधानाचं दहावं परिशिष्ट. ते १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आलं. त्यानुसार आमदाराने स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडलं, किंवा पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं वा परवानगीशिवाय मतदानाला गैरहजर राहिला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर तो अपात्र ठरतो. याला सुरुवातीला दोन अपवाद होते. एक तृतीयांश आमदार वेगळे झाले तर ती ‘फूट’ मानून त्यांना संरक्षण मिळे. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण मान्य केलं तरी संरक्षण मिळे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पहिला अपवाद काढून टाकला. आता फक्त विलीनीकरण उरलं आहे.

म्हणून जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘एक तृतीयांश जमले की झालं’ असं अजूनही येतं. ते २००३ पूर्वीचं आहे. ५५ च्या एक तृतीयांश १९ होतात आणि आज १९ जणांना कोणतंही संरक्षण नाही.

७. शिंदे यांच्याकडे ४० होते, म्हणजे ३७ पेक्षा जास्त. मग विषय तिथेच संपला ना?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दोन तृतीयांशचं संरक्षण विलीनीकरणासाठी आहे. कायदा असं म्हणत नाही की दोन तृतीयांश आमदार एकत्र आले की ते आपोआप सुरक्षित. तो म्हणतो की मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं, तर ते सदस्य अपात्र ठरत नाहीत.

शिंदे गट कोणत्याच पक्षात विलीन झाला नाही. तो भाजपमध्ये गेला नाही आणि नवा पक्षही काढला नाही. आम्हीच शिवसेना आहोत, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे ३७ ओलांडल्याची बातमी राजकीयदृष्ट्या मोठी असली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या बचावाचा तो आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही ११ मे २०२३ च्या निकालात सांगितलं की फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही.

दोन तृतीयांश खरोखर कसं वापरलं जातं ते गोव्यात दिसतं. जुलै २०१९ मध्ये तिथे काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीन होत असल्याचं जाहीर केलं. १५ च्या दोन तृतीयांश बरोबर १०. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जण गेले. ११ च्या दोन तृतीयांश ७.३३, म्हणजे ८. दोन्ही वेळा लागत होते तेवढेच आमदार गेले, एकही जास्त नाही. फुटणाऱ्यांची संख्या अशी नेमक्या आकड्यावर थांबलेली दिसली की विलीनीकरणाची वाट निवडली आहे असं समजायला हरकत नाही.

८. मग ते ४० आमदार वाचले कशामुळे?

खरा शिवसेना पक्ष कोणता, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या बाजूने लागलं म्हणून. अपात्रता ही पक्षाविरुद्ध वागल्याबद्दल असते. आपण ज्या गटात आहोत तोच पक्ष ठरला तर पक्षाविरुद्ध वागण्याचा आरोपच उरत नाही.

ही लढाई दोन ठिकाणी झाली. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिलं. अपात्रतेचा निर्णय मात्र आयोग करत नाही, तो विधानसभा अध्यक्षांचा असतो. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला की गट पडले तेव्हा, म्हणजे २१ जून २०२२ ला, शिंदे गट हाच खरा शिवसेना पक्ष होता. त्यांनी दोन्ही बाजूंच्या याचिका फेटाळल्या, म्हणून ठाकरे गटाचेही आमदार अपात्र झाले नाहीत.

यावर वाचकांचा राग येतो तो तारखांवरून. पहिल्या याचिका जून २०२२ च्या, निर्णय जानेवारी २०२४ चा. हा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. दहाव्या परिशिष्टात निर्णयाला मुदत घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात, अपवादात्मक कारण नसेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा असं म्हटलं होतं. पण परिशिष्टात तशी दुरुस्ती झालेली नाही, आणि निर्णय ज्यांनी करायचा ते अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधारी बाजूनेच निवडून आलेले असतात. महाराष्ट्रातही नार्वेकर यांची निवड ३ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध १०७ मतांनी झाली होती आणि शिंदे गटाने त्यांनाच मत दिलं होतं.

९. दोन्ही गटांनी व्हिप काढला होता. खरा व्हिप कोणाचा?

ठाकरे यांच्या बाजूने सुनील प्रभू प्रतोद होते, शिंदे यांच्या बाजूने भरत गोगावले. दोघेही सगळ्या ५५ आमदारांना आदेश देत होते. अध्यक्षांनी निवडून येताच गोगावले यांना मान्यता दिली.

सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला ती मान्यता बेकायदा ठरवली. कारण असं दिलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. साध्या शब्दांत, आमदारांच्या बहुमताने स्वतःच ठरवायचं नाही की आता आदेश कोणाचा पाळायचा. पक्ष ही आमदारांपेक्षा मोठी संस्था आहे.

मात्र तो राजकीय पक्ष कोणता, हे ठरवण्याचं काम न्यायालयाने पुन्हा अध्यक्षांकडेच पाठवलं. अध्यक्षांनी शिंदे गटाला पक्ष ठरवल्यावर गोगावले यांची नेमणूक वैध आणि प्रभू यांचा अधिकार संपलेला, असा निष्कर्ष निघाला. म्हणून एकाच प्रतोदाबद्दल दोन विरुद्ध विधानं वाचायला मिळतात. कोणतं विधान कोणत्या तारखेचं आहे ते बघितलं की उलगडा होतो.

१०. नेहमी ‘१६ आमदार’ का म्हणतात? ते अपात्र झाले असते तर शिंदे सरकार पडलं असतं का?

२२ जून २०२२ ला ठाकरे गटाने विधिमंडळ पक्षाची बैठक बोलावली होती. तिला न आलेल्यांपैकी १६ जणांविरुद्ध पहिल्या अपात्रता याचिका दाखल झाल्या. त्यांत स्वतः शिंदे होते. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी नोटिसा काढल्या. आमदार न्यायालयात गेले आणि उत्तर देण्यासाठी त्यांना १२ जुलैपर्यंत वेळ मिळाला. तोपर्यंत सरकार बदललं होतं.

आता हिशोब करून पाहू. अपात्र आमदाराची जागा रिकामी होते, म्हणून आकडा दोन ठिकाणी कमी करायचा असतो: पाठिंब्यातून आणि सभागृहातून. ४ जुलैचे १६४ घ्या. १६ वजा केले तर १४८. सभागृह २८७ मधून १६ वजा करून २७१ आणि त्याचं बहुमत १३६. १४८ हे १३६ पेक्षा जास्त आहेत. मुख्यमंत्री स्वतः अपात्र ठरल्याने मोठा पेच झाला असता आणि दुसरा नेता निवडावा लागला असता, पण संख्येच्या जोरावर सत्ताधारी बाजू टिकली असती. समोरच्या तीन पक्षांची बेरीज तेव्हा १५ + ५३ + ४४ म्हणजे ११२ होती.

आणि सगळे ४० अपात्र झाले असते तर? १६४ वजा ४० म्हणजे १२४. सभागृह २४७, बहुमत बरोबर १२४. मत न दिलेले अध्यक्ष याच बाजूचे, म्हणजे कागदावर आणखी एक. अगदी काठावर, पण तरीही बहुमत. फक्त ते १२४ सगळे भाजपचे नव्हते, त्यांत अपक्ष आणि लहान पक्षही होते. ४० जणांची आमदारकी गेली असती तर त्यांतले किती जागेवर राहिले असते हे कोणताही हिशोब सांगू शकत नाही.

बातमीत लोक बहुतेक वेळा पाठिंब्यातून १६ वजा करतात आणि बहुमत मात्र १४५ च धरतात. तिथेच उत्तर चुकतं.

११. न्यायालयाने राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला, तरी ठाकरे सरकार परत का आलं नाही?

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ३० जून २०२२ ला बहुमत सिद्ध करायला सांगितलं होतं. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने म्हटलं की सरकारने विश्वास गमावला आहे असा निष्कर्ष काढण्यासारखं वस्तुनिष्ठ साहित्य राज्यपालांकडे नव्हतं. पक्षातला अंतर्गत वाद सोडवण्यासाठी सभागृहातली चाचणी वापरायची नसते.

पण ठाकरे यांनी २९ जूनच्या रात्रीच राजीनामा दिला होता. चाचणी झालीच नाही. स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नाही, असं पीठाने सांगितलं. ते चाचणीला सामोरे जाऊन हरले असते तर न्यायालयापुढे प्रश्न वेगळा असता. ‘हरणारच आहोत तर आधीच राजीनामा देऊ’ हा विचार राजकीयदृष्ट्या सन्मानाचा वाटतो, पण त्यामुळे न्यायालयातली मुख्य वाट बंद झाली.

१२. दोन तृतीयांश जमत नसतील तर फुटणारे काय करतात?

राजीनामा देतात. ही वाट महाराष्ट्राबाहेर जास्त वापरली गेली आणि तिचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मार्च २०२० चा मध्य प्रदेश आहे.

तिथे सभागृह २३० चं, दोन जागा रिकाम्या, म्हणून २२८. बहुमत ११५. काँग्रेसचे ११४ आणि बसप, सप, अपक्ष मिळून ७ जणांचा पाठिंबा, एकूण १२१. भाजपचे १०७. काँग्रेसचे दोन तृतीयांश ७६ होतात. एवढे आमदार फोडणं शक्य नव्हतं. २२ जणांनी राजीनामे दिले. ते स्वीकारल्यावर सभागृह २०६ चं झालं आणि बहुमत १०४ वर आलं. काँग्रेस ९२, सातही जण सोबत राहिले असते तरी ९९. भाजप आहे तिथेच, १०७ वर. एकही आमदार पक्षात न घेता भाजप बहुमतात आला. कमलनाथ यांनी २० मार्चला राजीनामा दिला.

इथे भाजपची संख्या वाढली नाही, बहुमताची रेषा खाली आली. बाकांवर पाठिंबा किती वाढला एवढंच बघणाऱ्याला हे दिसत नाही. या वाटेची किंमत अशी की राजीनामा दिलेल्याला पुन्हा निवडून यावं लागतं. तो सहा महिने आमदार नसतानाही मंत्री राहू शकतो, त्यापुढे नाही.

१३. सध्याच्या विधानसभेत हे गणित कसं बसतं?

नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. बेरीज २३०. बहुमत १४५, म्हणजे भाजपला एकट्याने १३ कमी.

प्रश्न ४ मधली वजाबाकी इथे करा. शिवसेना बाहेर पडली तर १७३ उरतात. राष्ट्रवादी बाहेर पडली तर १८९. दोन्ही वेळा सरकार राहतं. दोन्ही पक्ष एकदम बाहेर पडले तरच बहुमत जातं. २०१९ मध्ये ४४ जागांची काँग्रेस सरकार पाडू शकत होती, आज ५७ जागांची शिवसेना एकटी पाडू शकत नाही. जागावाटप, खाती, पालकमंत्रिपदं यांवरच्या नाराजीच्या बातम्या वाचताना हे समोर ठेवावं.

विरोधी बाजूला त्याच निकालात ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार यांची राष्ट्रवादी १०. विलीनीकरणासाठी अनुक्रमे १४, ११ आणि ७ लागतील. पक्ष लहान झाला की हा आकडाही लहान होतो आणि फोडणं तुलनेने सोपं जातं.

१४. अजित पवार यांच्या वेळीही असंच झालं का?

जवळजवळ तसंच, एक फरक सोडून. २ जुलै २०२३ ला ते सत्तेत सामील झाले तेव्हा सरकार पडण्याचा प्रश्न नव्हता, कारण सरकारकडे आधीच बहुमत होतं. तेव्हा राष्ट्रवादीचे ५३ आमदार होते, दोन तृतीयांश ३६. पण त्यांनीही विलीनीकरण केलं नाही, आपणच पक्ष असल्याचा दावा केला. आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ ला नाव आणि चिन्ह त्यांना दिलं. अध्यक्षांनी १५ फेब्रुवारीला ५३ पैकी ४१ आमदार त्यांच्याकडे असल्याचं नोंदवत तोच पक्ष मानला आणि कोणालाही अपात्र केलं नाही. कारणं प्रश्न ८ मधलीच आहेत.

१५. अपक्ष आणि एक-दोन आमदारांचे पक्ष यांना पक्षांतरबंदी लागते का?

अपक्षाला लागते, पण वेगळ्या रीतीने. निवडून आल्यावर त्याने एखाद्या पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. प्रवेश न करता पाठिंबा द्यायला, काढून घ्यायला, मंत्री व्हायलाही मनाई नाही. राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष असूनच ठाकरे सरकारमध्ये राज्यमंत्री होते आणि नंतर शिंदे यांच्यासोबत गेले. त्यांनी पक्ष सोडलाच नव्हता, कारण पक्ष नव्हताच.

दोन आमदारांच्या पक्षाचे दोन तृतीयांश १.३३, म्हणजे दोघांनीही जायला हवं. पण लहान पक्षाचा प्रमुखच आमदार असतो तेव्हा अख्खा पक्ष बाजू बदलतो आणि आमदार पक्षासोबतच असतो. प्रहारचे बच्चू कडू ठाकरे सरकारमध्ये राज्यमंत्री होते आणि गुवाहाटीलाही गेले. पक्षाने आघाडी बदलली तर ते पक्षांतर होत नाही. म्हणूनच काठावरच्या सभागृहात या २०-३० जणांना एवढं महत्त्व येतं.

१६. अध्यक्ष मत देतात का? तुरुंगातल्या आमदाराचं काय?

अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतात. म्हणजे काठावरच्या पक्षाला स्वतःचा अध्यक्ष निवडून आणताना सभागृहातलं एक मत बाजूला ठेवावं लागतं.

तुरुंगातला आमदार सदस्य असतो, त्यामुळे एकूण संख्येत धरला जातो, पण परवानगीशिवाय सभागृहात येऊ शकत नाही. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना ३० जूनच्या चाचणीला हजर राहायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली होती. आदल्या रात्रीच्या राजीनाम्यामुळे ती वेळ आली नाही.

१७. अपात्र ठरलेला आमदार पुन्हा निवडणूक लढवू शकतो का?

लढवू शकतो, त्याच विधानसभेच्या मुदतीतल्या पोटनिवडणुकीतही. कर्नाटकात २०१९ मध्ये अध्यक्षांनी १७ आमदारांना अपात्र करताना विधानसभेची मुदत संपेपर्यंत लढायलाही बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ ला अपात्रता कायम ठेवली, पण लढण्यावरची बंदी काढली. तसा अधिकार अध्यक्षांना नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर, मंत्री मात्र होता येत नाही. त्या डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणुका झाल्या. त्यांतल्या १२ भाजपने जिंकल्या आणि येडियुरप्पा सरकारला पूर्ण सभागृहाचं बहुमत मिळालं.